सलग निवेदनाची क्रमांकित दृश्ये आणि साधी शॉट लिस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, आठवण किंवा सलग लिहिलेले निवेदन हातात आहे आणि त्यावरून लघुपट करायचा आहे, अशा टप्प्यावर असलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे प्रश्न ३ मधील एकाच छोट्या निवेदनाच्या आधारे दिली आहेत, त्यामुळे तो प्रश्न आधी वाचल्यास पुढचे सोपे जाईल.

१. एक दृश्य कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते? प्रत्येक परिच्छेदाला एक क्रमांक दिला तर चालत नाही का?

स्थळ बदलले किंवा काळ बदलला की दृश्य बदलते, हा मूळ नियम आहे. त्याच खोलीत दहा मिनिटांनंतरचे काही दाखवायचे असेल, तरी ते नवे दृश्य होते. उलट, त्याच खोलीत सलग चाललेल्या प्रसंगात एखादे नवे पात्र आत आले, भांडण पेटले किंवा सगळा भाव पालटला, तरी दृश्य तेच राहते.

परिच्छेद हा लेखकाने विचार मांडण्यासाठी पाडलेला तुकडा असतो, तर दृश्य हा चित्रीकरणासाठी पाडलेला तुकडा असतो. दृश्य क्रमांकाचा उपयोग प्रकाशयोजना करणाऱ्याला, वस्तू जमवणाऱ्याला, कपडे पाहणाऱ्याला आणि शेवटी संकलकाला होतो. ‘दृश्य ७’ म्हटल्यावर या सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच जागा आणि एकच वेळ यायला हवी. एका परिच्छेदात सकाळचे घर आणि रात्रीचा रस्ता दोन्ही आले असतील आणि त्यांना मिळून एकच क्रमांक दिला असेल, तर त्या क्रमांकाखाली कोणते दिवे लागतील, हे कोणालाच सांगता येणार नाही.

२. निवेदन हातात आल्यावर पहिले काम कोणते? लगेच क्रमांक घालायला सुरुवात करावी का?

क्रमांक सर्वांत शेवटी घालावेत. पहिल्या वाचनात फक्त पेन्सिल घ्यावी आणि जिथे स्थळ किंवा काळ बदलतो तिथे, वाक्याच्या मधोमध असला तरी, उभी रेघ मारावी. दुसऱ्या वाचनात प्रत्येक तुकड्यासमोर समासात तीन गोष्टी लिहाव्यात : कुठे, कधी आणि कोण. यांपैकी एखादी गोष्ट निवेदनात सापडत नसेल, तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. ही प्रश्नचिन्हे फार मोलाची असतात. निवेदन वाचताना वाचक नकळत भरून काढतो अशी प्रत्येक रिकामी जागा कॅमेऱ्यासमोर मात्र कोणीतरी ठरवावीच लागते.

तिसऱ्या वाचनात प्रश्नचिन्हांची उत्तरे ठरवावीत, ज्यांचे चित्रीकरण होऊ शकत नाही असे तुकडे वेगळे काढावेत (प्रश्न ५ आणि ६ पाहा) आणि मगच १ पासून क्रमांक द्यावेत.

३. एखादे निवेदन प्रत्यक्ष तोडून दाखवाल का?

पुढील निवेदन दहा वाक्यांचे आहे.

> सुमन रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून बाबांची वाट पाहायची. त्या दिवशी अंधार पडला तरी ते आले नाहीत. शेवटी तिने बॅटरी घेतली आणि दाराला कडी घालून, जिना उतरून ती फाटकापर्यंत आली आणि रस्त्याकडे पाहत राहिली. सकाळी निघताना बाबांनी तिच्याकडे छत्री मागितली होती आणि तिने ती दिली नव्हती, हे तिला आठवले. एवढ्यात पाऊस सुरू झाला. ती परत वर धावली, छत्री घेतली आणि बसथांब्याकडे निघाली. थांब्यावर बाबा एकटेच, पूर्ण भिजून, बाकावर बसले होते. तिला पाहून ते हसले. घरी येईपर्यंत दोघे काही बोलले नाहीत. छत्री मात्र सारखी एकमेकांवर सरकवत होते.

याची दृश्ये अशी पडतात :

दृश्य १. बाहेर. गॅलरी. संध्याकाळ (आधीचा एखादा दिवस).
दृश्य २. बाहेर. गॅलरी. रात्र.
दृश्य ३. आत. घर. रात्र.
दृश्य ४. आत. जिना. रात्र.
दृश्य ५. बाहेर. फाटक. रात्र.
दृश्य ६. आत. घराचे दार. सकाळ (आठवण).
दृश्य ७. बाहेर. फाटक. रात्र, पाऊस सुरू होतो.
दृश्य ८. आत. घर. रात्र.
दृश्य ९. बाहेर. रस्ता. रात्र, पाऊस.
दृश्य १०. बाहेर. बसथांबा. रात्र, पाऊस.
दृश्य ११. बाहेर. परतीचा रस्ता. रात्र, पाऊस.

दहा वाक्यांची अकरा दृश्ये झाली, पण त्यांची वाटणी अगदी विषम आहे. ‘शेवटी तिने बॅटरी घेतली’ या एका वाक्यातून तीन दृश्ये निघाली, तर थांब्यावरची दोन वाक्ये मिळून एकच दृश्य झाले. परत वर धावताना लागणारा जिना येथे मुद्दाम सोडला आहे, कारण तो दृश्य ४ मध्ये एकदा दिसलेला असल्याने प्रेक्षक मधला प्रवास स्वतः जोडून घेतो. तो दाखवायचाच असेल, तर त्याला स्वतंत्र क्रमांक लागेल.

आता समासातले एक प्रश्नचिन्ह पाहू. सुमनने दृश्य ३ मध्ये बॅटरी घेतली. मग दृश्य १० मध्ये तिच्या हातात काय आहे? एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात छत्री असेल, तर बाबांना हात द्यायला तिच्याकडे हात उरत नाही. निवेदनात बॅटरीचा पुन्हा उल्लेखच नाही आणि वाचताना तो खटकतही नाही. येथे दृश्य ८ मध्ये ती बॅटरी ठेवून छत्री उचलते, असे ठरवले आणि तशी नोंद दृश्यापुढे केली. त्या नोंदीमुळे दृश्य ८ ला स्वतःची एक कृतीही मिळाली.

४. वाक्य एकच असते, पण आत किती दृश्ये दडली आहेत, हे कळत नाही. ते ओळखायची काही खूण आहे का?

आहे, आणि ती बहुतेक वेळा क्रियापदाच्या रूपात असते.

पहिली खूण म्हणजे ‘ऊन’ने संपणारी रूपे. ‘कडी घालून, जिना उतरून, फाटकापर्यंत आली’ यात वाक्य संपते ते फाटकावर, पण कडी दारापाशी घातली गेली आणि मधे जिना आला. असे प्रत्येक रूप दिसले की थांबून ‘हे कुठे घडले?’ असे विचारावे. स्थळ बदलत असेल तिथे रेघ मारावी. ‘गॅलरीत उभी राहून वाट पाहायची’ यातही तेच रूप आहे, पण उभे राहणे आणि वाट पाहणे एकाच जागी असल्यामुळे तिथे रेघ येत नाही.

दुसरी खूण ‘मागितली होती’, ‘दिली नव्हती’ अशा रूपांची. निवेदन साध्या भूतकाळात चालू असताना मधेच असे रूप आले, तर ती गोष्ट बहुधा आधी घडून गेलेली असते आणि तिथे काळ बदलतो. मात्र येथे सर्वाधिक गफलत होते. ‘बाबा बाकावर बसले होते’ हे रूप दिसायला तसेच आहे, पण ते आधी घडलेली घटना सांगत नाही. सुमन पोहोचली त्या क्षणी दिसणारी स्थिती सांगते. बसणे, उभे राहणे, झोपणे, टेकणे अशा क्रियापदांबाबत हे नेहमी होते. शंका आल्यास वाक्यात ‘तेव्हा’ किंवा ‘त्याआधी’ घालून वाचावे. ‘तेव्हा बाबा बाकावर बसले होते’ हे नीट बसते, म्हणजे चालू दृश्यच आहे. ‘त्याआधी, सकाळी, बाबांनी छत्री मागितली होती’ हे बसते, म्हणजे मागचे दृश्य आहे.

तिसरी खूण ‘पाहायची’, ‘जात असे’ अशा रूपांची आहे. तिच्यासाठी पुढचा प्रश्न स्वतंत्र ठेवला आहे.

५. ‘ती रोज वाट पाहायची’ असे वाक्य दृश्यात कसे आणायचे? रोज म्हणजे किती वेळा दाखवायचे?

कॅमेरा नेहमी एकाच विशिष्ट वेळी घडलेली एकच गोष्ट टिपतो. ‘रोज’ हा शब्द मात्र अनेक दिवसांची सरासरी सांगतो, म्हणून असे वाक्य जसेच्या तसे दृश्य होऊ शकत नाही. त्याच्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे वेगवेगळ्या संध्याकाळचे तीनचार तुकडे, वेगळ्या कपड्यांत आणि वेगळ्या प्रकाशात घेऊन एकापाठोपाठ जोडणे. सर्व तुकडे गॅलरीतच असतील, तर त्यांना १अ, १ब, १क असे उपक्रमांक द्यावेत. स्थळेही बदलत असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा. दुसरी वाट म्हणजे एकच संध्याकाळ दाखवणे आणि सवय कृतीतून कळू देणे : सुमन गॅलरीत येते, न पाहताच हात लांब करून कठड्यावरची कुंडी थोडी बाजूला सरकवते आणि मोकळ्या झालेल्या जागी कोपर टेकते. ज्या सहजतेने हात कुंडीकडे जातो, त्यावरून हे नेहमीचे आहे, हे कळते.

लघुपटासाठी माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पहिल्या वाटेने कपडे, प्रकाश आणि वेळ यांचे काम तिप्पट होते आणि मिळणारी माहिती तेवढीच राहते. शिवाय दृश्य २ मध्ये तीच कुंडी आधीपासून बाजूला सरकवलेली दिसली, तर ती बराच वेळ उभी आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

६. मनातले विचार आणि ‘न घडलेल्या’ गोष्टी यांचे काय करायचे?

विचारांसाठी आधी हे पाहावे की तो विचार काढून टाकला तर पुढची कृती समजते का. समजत असेल, तर तो दृश्यांच्या यादीतून वगळावा. अभिनेत्यासाठी टीप म्हणून तो समासात राहू द्यावा. समजत नसेल, तर त्याला कृती शोधावी, आठवणीचे दृश्य करावे किंवा निवेदकाच्या आवाजात ठेवावा (प्रश्न १५ पाहा).

नकाराची वाक्ये अधिक फसवी असतात, कारण वाचताना ती कृतीसारखीच वाटतात. ‘तिने छत्री दिली नव्हती’ याचे चित्रीकरण करायला गेल्यास पडद्यावर काहीच घडत नाही. न देणे दिसण्यासाठी मागणे आधी दिसले पाहिजे, आणि नंतर नकाराच्या जागी एखादी होकारार्थी कृती लागते. दृश्य ६ मध्ये बाबा पायात चप्पल घालता घालता हात पुढे करतात, सुमन छत्री पाठीमागे धरते, बाबा क्षणभर थांबून हात मागे घेतात आणि निघून जातात. या चारही गोष्टी कॅमेऱ्याला दिसतात. ‘दोघे काही बोलले नाहीत’ हेही नकाराचेच वाक्य आहे, पण लेखकाने तिथे छत्री सरकवण्याची कृती दिलेली असल्याने दृश्य ११ मध्ये आपल्याला निराळे काही शोधावे लागत नाही.

‘अंधार पडला तरी ते आले नाहीत’ यात न येणे दाखवण्यासाठी रिकामा रस्ता पुरतो, पण एक अट आहे. दृश्य १ मध्ये त्याच रस्त्यावरून, त्याच कोनातून बाबा येताना दिसलेले असले पाहिजेत.

७. दृश्याच्या मथळ्यात नेमके काय लिहावे?

क्रमांक, आत की बाहेर, स्थळ आणि दिवस की रात्र, एवढेच. ‘सायंकाळी साडेसात’ असे लिहून उपयोग नाही, कारण पडद्यावर फक्त उजेड दिसतो. एकाच जागेला सर्वत्र एकच नाव द्यावे. दृश्य ५ मध्ये ‘फाटक’ आणि दृश्य ७ मध्ये ‘गेटजवळ’ लिहिले, तर यादी स्थळानुसार लावताना ती दोन ठिकाणे होतात. गॅलरीसारखी जागा आत धरावी की बाहेर, याचा निर्णय तिथे उजेड कुठून येतो यावरून करावा.

८. आठवण संपून आपण त्याच फाटकापाशी परत येतो. मग ५ आणि ७ असे दोन क्रमांक कशाला?

पडद्यावर त्यांच्यामध्ये दुसरे दृश्य येते, म्हणून. दृश्यांच्या यादीचा क्रम हा प्रेक्षकाला दिसणारा क्रम असतो आणि मधे दृश्य ६ आल्यावर ५ तिथे संपलेले असते. त्याहून व्यावहारिक कारण असे की दृश्य ५ मध्ये जमीन आणि सुमनचे केस कोरडे आहेत, तर दृश्य ७ मध्ये दोन्ही ओले होऊ लागतात. एकच क्रमांक ठेवला, तर हा फरक कागदावर कुठेच दिसणार नाही.

आठवण अगदी दोन सेकंदांची झलक असली, तरी तिलाही स्वतःचा क्रमांक द्यावा. ती झलक सकाळच्या उजेडात, घराच्या दाराशी, बाबांसह घ्यायची आहे. क्रमांक नसेल, तर ती कोणाच्याच यादीत येत नाही आणि संकलनाच्या वेळी ती घेतलीच नसल्याचे लक्षात येते.

९. दृश्ये झाली. आता शॉट लिस्टमध्ये कोणते रकाने ठेवावेत?

शॉट म्हणजे कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत मिळालेला, किंवा संकलनानंतर दोन कटांच्या मधे उरणारा सलग तुकडा. साध्या यादीसाठी दृश्य, शॉट, आकार, चौकटीत काय घडते, आवाज आणि अंदाजे सेकंद एवढे रकाने पुरतात. आकार म्हणजे चौकटीत माणूस किती दिसतो : लाँग शॉटमध्ये पूर्ण आकृती आणि परिसर, मिड शॉटमध्ये साधारण कमरेपर्यंतचा भाग, क्लोजअपमध्ये चेहरा. कॅमेरा हलणार असेल, तर ते ‘काय घडते’ या रकान्यातच लिहावे. लेन्स, ट्रायपॉड, दिवे यांसाठी आरंभी वेगळे रकाने करू नयेत. ते रिकामे राहतात आणि यादी डोळ्यांना जड होते. दृश्य १० ची यादी अशी होईल :

| दृश्य | शॉट | आकार | चौकटीत काय घडते | आवाज | सेकंद |
|---|---|---|---|---|---|
| १० | १ | लाँग शॉट | रस्त्याच्या पलीकडून थांबा; बाबा बाकाच्या एका टोकाला, उरलेला बाक रिकामा | पाऊस | ८ |
| १० | २ | मिड शॉट | सुमन डावीकडून छत्रीसह येते, थांबते, उजवीकडे पाहते | पाऊस, पावले थांबतात | ४ |
| १० | ३ | क्लोजअप | बाबा मान वर करतात, डावीकडे पाहतात, हसतात | छत्रीवरचा पाऊस | ५ |
| १० | ४ | क्लोजअप | सुमन, उजवीकडे पाहत. हसत नाही | छत्रीवरचा पाऊस | ३ |
| १० | ५ | मिड शॉट, दोघे | सुमन छत्री बाबांच्या डोक्यावर धरते. तिचा खांदा भिजू लागतो | पाऊस | ६ |

एकूण २६ सेकंद. ‘उजवीकडे पाहते’, ‘डावीकडे पाहतात’ हे शब्द यादीत लिहिण्याचे कारण असे की सुमन आणि बाबा यांच्यामधून एक काल्पनिक रेषा जाते आणि सर्व शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे असतात. एखादा शॉट चुकून पलीकडच्या बाजूने घेतला, तर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि समोरासमोर असल्याचा भास मोडतो. कागदावर दिशा लिहिलेली असली की ही चूक चित्रीकरणाच्या जागी लगेच पकडता येते.

१०. एका दृश्याला किती शॉट असावेत?

आकडा ठरलेला नाही. निवेदनातली किती माहिती स्वतंत्रपणे नजरेत भरायला हवी, यावर तो ठरतो. दृश्य ४, म्हणजे जिना, एका शॉटमध्ये संपते, कारण तिथे ‘ती खाली उतरली’ एवढेच कळायचे आहे. दृश्य १० मध्ये बाबांचे एकटेपण, सुमनचे थांबणे, त्यांचे हसणे, तिच्या मनातली टोचणी आणि छत्री धरणे या पाच गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळे अंतर हवे आहे.

यादी झाली की निवेदन बाजूला ठेवून फक्त ‘काय घडते’ हा रकाना एखाद्या नव्या माणसाला वाचून दाखवावा. गोष्ट जिथे तुटते, तिथे शॉट कमी आहे. एकाच पात्राचे, जवळपास त्याच आकाराचे दोन शॉट लागोपाठ आले असतील, तर बहुधा एक जास्तीचा आहे. दोन्ही हवेच असतील, तर आकार ठळकपणे बदलावा किंवा कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी हलवावा. नाहीतर जोडणीच्या जागी चित्राला नुसता झटका बसल्यासारखे दिसते.

११. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब निवेदनाला लावता येतो का?

नाही. तो हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवरून, १२ पॉइंट कुरियर अक्षरांतल्या पानावरून आलेला आहे आणि तिथेही तो ढोबळच असतो. सलग निवेदनात शब्द आणि वेळ यांचा काहीच मेळ नसतो. ‘बसथांब्याकडे निघाली’ हे दोनच शब्द दृश्य ९ मध्ये वीस सेकंद घेऊ शकतात, तर दृश्य ६ चे लांब वाक्य दहा सेकंदांत संपू शकते.

खात्रीचा मार्ग म्हणजे घड्याळ लावून ती कृती स्वतः करून पाहणे आणि संवाद असल्यास ते मोठ्याने म्हणणे. मनातल्या मनात मोजल्यास आकडा जवळपास नेहमीच कमी येतो, कारण थांबणे, वळणे आणि पाहणे आपण मोजतच नाही.

१२. फोनवरचे संभाषण एक दृश्य की दोन?

पलीकडच्या माणसाचा फक्त आवाज ऐकू येणार असेल, तर एक. दोन्ही बाजू दिसणार असतील, तर दोन, कारण स्थळे दोन आहेत. दोन्ही मथळ्यांपुढे ‘आलटून पालटून’ अशी नोंद करावी. शॉट लिस्टमध्ये मात्र संभाषणाचे तुकडे वाटून देऊ नयेत. प्रत्येक बाजूने संपूर्ण संभाषण, गप्प राहून ऐकण्याच्या जागांसह, घ्यावे असे लिहावे. कोणत्या वाक्यावर बोलणारा दिसावा आणि कोणत्या वाक्यावर ऐकणारा, हे संकलनात ठरते, आणि ऐकतानाचा चेहरा घेतलेलाच नसेल, तर निवड उरत नाही.

१३. कॅमेरा सुमनच्या मागे दारातून जिन्यावर आणि फाटकापर्यंत न थांबता गेला, तर ते एकच दृश्य नाही का?

यावर दोन मते आहेत आणि काही जण अशा वेळी एकच क्रमांक देतात. माझा सल्ला ३, ४ आणि ५ हे क्रमांक वेगळेच ठेवण्याचा आहे. शॉट लिस्टमध्ये एकच ओळ लिहावी, तिच्या दृश्याच्या रकान्यात ‘३, ४, ५’ असे लिहावे आणि मथळ्यांपुढे ‘सलग’ अशी नोंद करावी. शॉट एक असला, तरी घर, जिना आणि फाटक या तिन्ही जागांची परवानगी, प्रकाश आणि आवाज वेगवेगळे पाहावे लागतात. शिवाय जिन्यातला अंधार किंवा वळण यांमुळे सलग शॉट जमला नाही आणि मधे तोडावा लागला, तर यादी न बदलता काम पुढे जाते.

१४. क्रमांक दिल्यावर एखादे दृश्य वाढले किंवा गळले, तर सगळे क्रमांक बदलायचे का?

यादी फक्त स्वतःजवळ आहे तोवर खुशाल बदलावेत. ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली की क्रमांक कायम धरावेत. ८ आणि ९ च्या मधे नवे दृश्य आले, तर त्याला ८अ म्हणावे. दृश्य ४ गळले, तर ‘दृश्य ४ – वगळले’ अशी ओळ तशीच राहू द्यावी. ती पुसली, तर यादी पाहणाऱ्याला वाटते की एक पान हरवले आहे.

अक्षरांबाबत एक सावधगिरी घ्यावी. अमेरिकी पद्धतीत क्लॅपवर, म्हणजे शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवर, दृश्य क्रमांकानंतरचे अक्षर कॅमेऱ्याची नवी मांडणी दाखवते, म्हणून तिथे वाढीव दृश्याचे अक्षर क्रमांकाच्या आधी लावतात. त्याच पद्धतीत आय आणि ओ ही अक्षरे गाळतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. ब्रिटिश पद्धतीत क्लॅपवरचा आकडा दृश्याशी न जोडता पहिल्या मांडणीपासून सलग चालतो. वरच्या यादीत अक्षर फक्त दृश्याला आणि आकडा शॉटला दिला आहे, त्यामुळे गोंधळ होत नाही. हाताने लिहिताना ड आणि इ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून त्यांपैकी एक गाळलेले बरे.

१५. मूळ निवेदन निवेदकाच्या आवाजात ठेवायचे असेल, तर पद्धत बदलते का?

दृश्ये तशीच पडतात, पण यादी करण्याआधी आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा, कच्चा असला तरी. मग प्रत्येक दृश्यासमोर त्यावर पडणारे शब्द आणि त्यांचे सेकंद लिहावेत आणि चित्र त्याहून थोडे लांब ठेवावे, म्हणजे शब्द संपल्यावर चित्राला श्वास मिळतो.

त्यानंतर जे चित्रात दिसते ते आवाजातून काढून टाकावे. दृश्य १० वर ‘तिला पाहून ते हसले’ हे शब्द ऐकू आले, तर क्लोजअप आणि वाक्य एकच गोष्ट दोनदा सांगतात. ‘त्या दिवशी’ हे शब्द मात्र दृश्य २ वर ठेवण्यासारखे आहेत, कारण हा नेहमीचा दिवस नव्हता, हे चित्र इतक्या झटकन सांगू शकत नाही.

१६. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. मग यादी कशी लावायची?

मूळ यादी कथेच्या क्रमाने ठेवावी आणि तिची प्रत स्थळ व वेळ यांनुसार लावावी. क्रमांकांना कोणत्याही प्रतीत हात लावू नये.

प्रत लावताना केवळ स्थळ पाहून चालत नाही. दृश्य ३ आणि ८ दोन्ही घरात, रात्री आहेत, पण ८ मध्ये सुमन पावसात भिजून आलेली आहे. म्हणून ३ आधी घ्यावे; उलट केल्यास केस आणि कपडे वाळवण्यात वेळ जातो. हाच नियम ५ आणि ७ ला लागू होतो, आणि तिथे तर जमीनही वाळावी लागते. प्रत्येक दृश्यापुढे ‘कोरडी’, ‘थोडी ओली’, ‘पूर्ण ओली’ आणि ‘हातात काय’ एवढी नोंद असली, तरी या निवेदनाची बहुतेक सातत्यरक्षा होते. कडीचीही नोंद हवी : दृश्य ३ च्या शेवटी ती बाहेरून लागते, म्हणून दृश्य ८ च्या सुरुवातीला सुमनने ती काढली पाहिजे.

१७. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये यादी केली, तर क्रमांक आपोआप बदलतात. असे का?

दृश्य आणि शॉट एकाच चौकोनात जोडून लिहिल्यामुळे. `3-2` असे टाइप केले की ते बहुधा तारीख समजले जाते, आणि `3.10` हा दशांश आकडा समजला जाऊन शेवटचे शून्य गळते, म्हणजे दहावा शॉट पहिला होतो. दृश्य आणि शॉट यांना दोन वेगळे रकाने दिले की दोन्ही अडचणी जातात.

८अ सारखे क्रमांक असतील, तर दृश्याच्या रकान्याचे स्वरूप टाइप करण्याआधीच ‘मजकूर’ असे करावे आणि सर्व क्रमांक दोन अंकी लिहावेत, जसे `08`. स्वरूप आधी बदलले नाही, तर पुढचे शून्य गळते. आणि दोन अंक नसतील, तर मजकूर म्हणून क्रम लावताना १० हे २ च्या आधी येते. याशिवाय कथेच्या क्रमाचा एक साधा रकाना १, २, ३ असा ठेवावा, म्हणजे स्थळानुसार कितीही वेळा यादी उलटसुलट केली, तरी त्या रकान्यावरून मूळ क्रम परत लावता येतो.